लग्नात जन्मलेलं मूल कुणाचं? डीएनएच्या आधी कायदा एक वेगळाच प्रश्न विचारतो

कौटुंबिक न्यायालयात नवऱ्याच्या बाजूने हमखास एक अर्ज येतो: मूल माझं नाही, डीएनए चाचणीचा आदेश द्या. अर्ज लिहिणाऱ्याला वाटतं, रक्ताचा एक थेंब घेतला की प्रश्न मिटला. बहुतेक वेळा अर्ज फेटाळला जातो, आणि नवरा हतबुद्ध होतो. विज्ञान हाताशी असताना न्यायालय ते का नाकारतं, हे समजायचं असेल तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. आपल्या कायद्याने इथे "रक्त कुणाचं?" हा प्रश्न विचारलेलाच नाही. त्याचा प्रश्न असा आहे: गर्भ राहू शकला असता त्या काळात हे नवरा-बायको एकमेकांना भेटूच शकत नव्हते, असं दाखवता येतं का?

हा नियम १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आणि तोच नियम तिथे कलम ११६ म्हणून आला. आशयात फरक पडलेला नाही, त्यामुळे जुने निकाल आजही तितकेच लागू आहेत. नियम थोडक्यात असा. वैध विवाह चालू असताना मूल जन्मलं, किंवा विवाह संपल्यापासून २८० दिवसांच्या आत जन्मलं आणि आईने दरम्यान पुन्हा लग्न केलेलं नाही, तर ते मूल त्या पुरुषाचंच औरस मूल आहे याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. अपवाद एकच: गर्भधारणा होऊ शकली असती अशा कोणत्याही वेळी दोघांना एकमेकांशी संपर्काची संधीच नव्हती, हे सिद्ध झालं तर.

"निर्णायक पुरावा" या शब्दांचं वजन इथे फार मोठं आहे. कायद्यात बरीच अनुमानं असतात आणि त्यांतली बहुतेक उलट पुरावा देऊन खोडता येतात. निर्णायक पुराव्याचं तसं नाही. एक गोष्ट सिद्ध झाली की दुसरी सिद्ध झालीच असं न्यायालयाने धरायचं, आणि ती खोटी ठरवण्यासाठी पुरावा घ्यायचाच नाही, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे लग्न आणि जन्मतारीख सिद्ध झाली की दार बंद. उघडं राहतं ते फक्त संपर्काच्या संधीचं दार. नवऱ्याला आत यायचं तर तिथूनच.

२८० दिवसांचा हिशेबही पाहू. घटस्फोटाचा हुकूमनामा १ मार्चला झाला आणि मूल २० नोव्हेंबरला जन्मलं, तर मधले दिवस भरतात २६४. आईने पुन्हा लग्न केलेलं नसेल, तर मूल आधीच्या नवऱ्याचं मानलं जाईल. नवरा वारला तरी हाच हिशेब. उलट, लग्नानंतर दोनच महिन्यांनी मूल जन्मलं तरी ते "विवाह चालू असताना" जन्मलेलं असतं, म्हणून मूल नवऱ्याचंच हे गृहीतक लागू होतं. नवऱ्याला मग लग्नाआधीच्या त्या काळातही आपली भेट शक्य नव्हती हे दाखवावं लागतं. आणि न्यायिक विभक्ततेचा हुकूम झाला म्हणून विवाह संपत नाही. अशा काळात जन्मलेल्या मुलालाही हे संरक्षण मिळतं.

आता मुख्य शब्दाकडे येऊ: संपर्काची संधी. सामान्य माणूस याचा अर्थ "शरीरसंबंध आला होता का" असा घेतो. कायदा तसा घेत नाही. तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९३४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये स्पष्ट केलं की इथे संबंध आला की नाही हे पाहायचं नाही, संबंध येण्याची संधी होती की नाही एवढंच पाहायचं. फरक वरवर बारीक दिसतो, पण खटले याच फरकावर पडतात. "आम्ही एका घरात राहत होतो, पण वर्षभर बोलणंसुद्धा नव्हतं" असं नवऱ्याने शपथेवर सांगितलं तरी संधी होतीच. "ती माहेरी होती, मी शहरात होतो" एवढ्याने संधी संपत नाही, कारण मधलं अंतर एका रात्रीच्या बसचं आहे, आणि मधेच भावाच्या लग्नात दोघं एकाच घरी मुक्कामाला होते असा फोटो निघाला की दावा तिथेच ढासळतो. वेगळं राहणं आणि भेट अशक्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते या विषयातली सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

एका काल्पनिक प्रकरणात हे तपशिलाने पाहू. नवरा मर्चंट नेव्हीत आहे. ४ जानेवारी २०२३ ला तो सिंगापूरला जहाजावर रुजू झाला आणि १८ जून २०२३ ला उतरला. बायकोला १४ नोव्हेंबर २०२३ ला मुलगा झाला. नवरा म्हणतो, मूल माझं नाही.

पहिलं काम, गर्भधारणेचा काळ ठरवणं. पूर्ण दिवसांचं बाळंतपण शेवटच्या पाळीपासून साधारण ३७ ते ४२ आठवड्यांत होतं आणि गर्भधारणा पाळीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी होते. त्यामुळे जन्मतारखेपासून मागे २४५ ते २८० दिवस मोजायचे. १४ नोव्हेंबरपासून मोजलं तर ७ फेब्रुवारी ते १४ मार्च असा पट्टा मिळतो. पण बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर हा पट्टा पुढे सरकतो. चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची गर्भधारणा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झालेली असेल. म्हणून जन्मदाखला पुरेसा नाही. बाळाचं जन्मवजन, दवाखान्याचे कागद, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी पाहावी लागते. सुरुवातीच्या सोनोग्राफीत गर्भाच्या लांबीवरून वय काढतात आणि त्यात चूक साधारण पाच-सात दिवसांपेक्षा जास्त नसते. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीत ती बरीच वाढते. समजा, आपल्या प्रकरणात १८ एप्रिलच्या सोनोग्राफीत दहा आठवडे लिहिले आहेत. मग पाळी ७ फेब्रुवारीच्या आसपासची आणि गर्भधारणा २१ फेब्रुवारीच्या आसपासची. एक आठवडा मागे, एक आठवडा पुढे धरला तर १४ ते २८ फेब्रुवारी. पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं, म्हणून मागच्या बाजूला तेवढी सूट द्यायची. हिशेब ९ ते २८ फेब्रुवारीवर येऊन थांबतो.

दुसरं काम, त्या वीस दिवसांत नवरा नेमका कुठे होता ते कागदाने दाखवणं. खलाशाच्या सीडीसी पुस्तिकेत जहाजावर चढल्या-उतरल्याच्या नोंदी असतात, पासपोर्टवर शिक्के असतात, जहाजाची खलाशांची यादी असते. हे सगळं दाखल झालं आणि जहाज त्या काळात परदेशी पाण्यात होतं हे दिसलं, तर नवऱ्याची बाजू खरोखर भक्कम होते. दोघांतल्या एकाच्या तोंडी शब्दावर ती उभी नसते, आणि न्यायालयाला अशाच गोष्टी लागतात.

पण इथे बायकोचा वकील उलटतपासणीत एकच प्रश्न विचारतो: फेब्रुवारीत जहाज न्हावा शेवाला लागलं होतं का? समजा, लागलं होतं. १६ तारखेला आलं आणि १७ ला गेलं. नवऱ्याला त्या रात्री किनाऱ्यावर उतरायची परवानगी होती का, पत्नी बंदराजवळ आली होती का, कुठे खोली घेतली होती का, हे सगळं आता तपासलं जाईल. तो उतरलाच नव्हता असं जहाजाच्या नोंदवहीवरून दाखवता आलं तर त्याची बाजू टिकते. उतरला होता आणि ती त्याच शहरात होती असं निघालं, तर ती एक रात्र पुरते. साडेपाच महिन्यांच्या गैरहजेरीचा सगळा पुरावा त्या एका रात्रीपुढे फिका पडतो, कारण कलमात "कोणत्याही वेळी" असे शब्द आहेत.

सिद्ध करण्याचा भार पूर्णपणे मुलाचं औरसपण नाकारणाऱ्यावर असतो. आईला काही सिद्ध करायचं नसतं, मुलाला तर नाहीच. पुरावा किती भक्कम हवा? सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटलं की साध्या दिवाणी दाव्यातल्या "अधिक शक्यता कुठे झुकते" या मापापेक्षा इथे जास्त हवं, पण फौजदारी खटल्यासारखं संशयातीत सिद्ध करण्याची गरज नाही. या दोन्हींच्या मधला, बऱ्यापैकी उंच असा तो उंबरा आहे.

त्याच २००१ च्या निकालात डीएनएबद्दलचं सगळ्यात कठोर वाक्य आहे. नवरा-बायको गर्भधारणेच्या काळात एकत्र राहत असतील, तर डीएनए अहवाल मूल नवऱ्याचं नाही असं सांगत असला तरी निर्णायक पुरावा हलत नाही. नवऱ्यासाठी हे कठीण आहे हे न्यायालयाने त्याच ठिकाणी मान्य केलं; तरी कायदा निष्पाप मुलाच्या बाजूने झुकतो, असं सांगितलं. वाचताना हे अन्यायाचं वाटू शकतं. मलाही नवऱ्याची व्यथा खोटी वाटत नाही. पण दुसऱ्या बाजूला कोण उभं आहे ते पाहा. त्या दोघांच्या भांडणात ज्याचा काडीचा वाटा नाही असं ते मूल. शाळेच्या दाखल्यावरचं नाव, पोटगी, वारसा, नातेवाइकांतली जागा, हे सगळं त्या एका अहवालावर टांगायचं का, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनी जाणूनबुजून मुलाच्या बाजूने सोडवला. कायदा आयोगाने २००३ मधल्या १८५ व्या अहवालात या कलमात वैज्ञानिक चाचण्यांना जागा देण्याची शिफारस केली होती. २०२३ मध्ये नवा कायदा लिहिताना संसदेने कलम जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं.

मग डीएनए चाचणी कधीच होत नाही का? होते, पण ती आधी मिळत नाही. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकट घालून दिली. रक्तचाचणीचा आदेश सरसकट द्यायचा नाही. काही सापडतं का पाहू म्हणून शोधाशोध करायला तर नाहीच. नवऱ्याने आधी संपर्काची संधी नव्हती अशी भक्कम प्रथमदर्शनी बाजू उभी करायची. मग न्यायालयाने चाचणीचे परिणाम तोलायचे: मूल अनौरस ठरेल का, आईच्या चारित्र्यावर डाग येईल का. आणि कुणालाही जबरदस्तीने रक्त द्यायला लावता येत नाही. पुढे २०१० मध्ये आणखी एक कसोटी आली: ही चाचणी झाल्याशिवाय सत्यापर्यंत पोचताच येणार नाही, इतकी तिची गरज आहे का?

क्रम असा उलटा आहे, हेच बहुतेकांना कळत नाही. डीएनएने संधी नव्हती हे सिद्ध करायचं नसतं; संधी नव्हती हे दिसलं की डीएनएकडे जाता येतं. आपल्या खलाशाने सीडीसी आणि बंदराच्या नोंदी दाखवल्यावर अर्ज केला तर न्यायालय तो गंभीरपणे घेईल. नुसता "मला संशय आहे" असा अर्ज दिला, तारखा लिहिल्याच नाहीत, तर नाही.

पुण्यातल्या कौटुंबिक न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात हे अगदी स्वच्छ दिसतं. नवऱ्याने व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागितला होता. दुसरं मूल आपलं नाही असं म्हणताना त्याच्याकडे खासगी प्रयोगशाळेचा अहवालही होता. कौटुंबिक न्यायालयाने मुलाच्या चाचणीचा आदेश दिला, मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. कारण साधं होतं. त्या काळात पती-पत्नी एकत्रच राहत होते, आणि संपर्काची संधी नव्हती असं नवऱ्याने आपल्या अर्जात कुठे म्हटलेलंच नव्हतं. दार उघडायची किल्लीच नसताना आतल्या कपाटाबद्दल वाद घालण्यात अर्थ नव्हता. न्यायालयाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. बायकोने व्यभिचार केला का, हा प्रश्न आणि मूल औरस आहे का, हा प्रश्न वेगळे आहेत. पहिला इतर पुराव्याने सिद्ध करा, मुलाला त्याचं हत्यार करू नका. आणि आईने मुलाची चाचणी करू दिली नाही म्हणून मूल अनौरस असा निष्कर्ष काढता येणार नाही, कारण आई मुलाचा हक्क स्वतःच्या नकाराने गमावू शकत नाही. या प्रकरणात मूल पक्षकारही नव्हतं.

याच्या अगदी विरुद्ध वाटणारा एक निकाल आहे आणि वकील तो नेहमी पुढे करतात. तो विदर्भातल्या पोटगीच्या वादातून आला आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये दिला. तिथे सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशाने चाचणी झाली. आधी नागपूरच्या प्रयोगशाळेत, मग बायकोच्या आक्षेपावरून पुन्हा हैदराबादला. दोन्ही अहवाल एकच बोलले: नवरा मुलीचा जैविक पिता नाही. न्यायालयाने म्हटलं की गृहीतक हे शेवटी गृहीतक आहे. समोर विज्ञानाने सिद्ध झालेलं सत्य उभं असेल तर त्याला मान द्यावा लागेल. मुलीच्या पोटगीचा आदेश रद्द झाला. मात्र तोवर दिलेली रक्कम परत घ्यायची नाही, हेही त्यात सांगितलं.

मग २००१ खरं की २०१४? दोन्ही एकत्र वाचायची पद्धत अशी. २०१४ मध्ये नवऱ्याचं म्हणणं सुरुवातीपासून असं होतं की त्या काळात आम्ही वेगळे होतो, भेट नव्हती, आणि अहवालाने त्याच म्हणण्याला आधार दिला. शिवाय चाचणी आधीच झालेली होती. त्यावरून "मला चाचणी करू द्या" हा हक्क निघत नाही. चाचणी करायची की नाही हा टप्पा आला की १९९३ ची चौकट पुन्हा उभी राहते, आणि २०२३ ने तेच केलं.

व्यभिचारावरच्या घटस्फोटात मात्र एक पळवाट ऑक्टोबर २०१४ मधल्या एका निकालाने मोकळी ठेवली आहे. तिथे सर्वोच्च न्यायालयाने चाचणीचा आदेश कायम ठेवला, पण बायकोला नकाराची मुभा दिली. नकार दिला तर व्यभिचाराच्या मुद्द्यावर तिच्याविरुद्ध अनुमान काढता येईल असं म्हटलं. २०२३ नंतर या निकालावर विसंबून सहजासहजी आदेश मिळेल असं मी कुणाला सांगणार नाही. संधी नव्हती ही बाब मांडलेली असेल तरच त्याला बळ येतं.

एखादा नवरा खरोखर या स्थितीत असेल, तर काम अर्जाच्या पहिल्या मसुद्यापासून सुरू होतं. "आमच्यात संबंध नव्हते" असं मोघम लिहून चालत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तुम्ही कुठे होता आणि ती कुठे होती, त्या काळात एकही भेट का झाली नाही, हे लिहावं लागतं. तुरुंगवास, परदेशी नोकरीचे व्हिसा आणि शिक्के, सैन्यातली नेमणूक, दवाखान्यात दाखल असल्याच्या नोंदी, हे पुरावे कामाचे. शेजाऱ्यांचं "ती इथे राहत नव्हती" हे सांगणं क्वचितच पुरतं. नसबंदीचा दाखला दाखवून काम भागेल असंही धरू नका. शस्त्रक्रिया अयशस्वी होऊ शकते, आणि मुळात कलम विचारतं ते संधीबद्दल, क्षमतेबद्दल नाही. मुलाच्या तोंडातून गुपचूप नमुना घेऊन खासगी प्रयोगशाळेत पाठवणं तर टाळाच. तो अहवाल गृहीतक हलवत नाही आणि मुलाच्या खासगीपणावर घाला म्हणून तुमच्यावरच उलटू शकतो.

ही भिंत फक्त नवऱ्यासमोर नाही. आई किंवा मूल स्वतः "खरा बाप दुसरा आहे" म्हणत आले तरी तीच भिंत उभी राहते. काँग्रेस नेते एन. डी. तिवारी आपले वडील आहेत असं म्हणणाऱ्या तरुणाच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने पितृत्व आणि औरसपण वेगळं मानून चाचणी करायला लावली होती आणि २०१२ मध्ये तो अहवाल उघडला गेला. तो निकाल लोकांच्या लक्षात राहिला. पण जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात वेगळं सांगितलं. मूल २००१ मध्ये जन्मलं, तेव्हा आई आणि तिचा नवरा एकाच छताखाली राहत होते, दोघांचा घटस्फोट २००६ मध्ये झाला. पुढे मुलाच्या वतीने दुसऱ्या पुरुषाकडे पोटगी मागितली गेली आणि त्याची चाचणी मागितली गेली. न्यायालय म्हणालं, त्या पुरुषाशीही संपर्क होता असं धरलं तरी नवऱ्याशी संपर्काची संधी त्यामुळे नाहीशी होत नाही. औरसपण ठरलं की कायद्याच्या नजरेत पितृत्वही ठरलं. ते वेगळं काढून तपासायचं असेल तर आधी तीच एक गोष्ट सिद्ध करा. नाहीतर एका अनोळखी माणसाच्या खासगी आयुष्यात डोकावायला न्यायालय परवानगी देणार नाही.

शेवटचा एक प्रश्न आजकाल वारंवार येतो: दात्याचं बीज वापरून झालेल्या मुलाचं काय? तिथे जैविक बाप दुसरा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. २०२१ च्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने त्याचं उत्तर दिलं आहे: ज्या जोडप्याने उपचार घेतले त्यांचंच ते मूल मानायचं, आणि दात्याने पालक म्हणून असलेले सगळे हक्क सोडलेले असतात. त्यामुळे अशा मुलाच्या बाबतीत नवऱ्याने नंतर डीएनएचा कागद पुढे केला तरी त्याने फरक पडत नाही. पाहायची ती त्याने उपचाराच्या वेळी सही केलेली संमतीपत्रं.